बेंचमार्कला पहिला, बिलात नापास: भाषा-मॉडेलचे गुण तपासून घेण्याची पद्धत

दादरच्या आमच्या छोट्या कार्यालयात गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब, नोटिसा आणि सभासदांचा पत्रव्यवहार सांभाळला जातो. पत्रांना मराठीत कच्चं उत्तर तयार करण्यासाठी भाषा-मॉडेल वापरायचं ठरलं, तेव्हा आम्हीही तेच केलं जे बहुतेक जण करतात. बेंचमार्क म्हणजे ठरावीक परीक्षांतल्या गुणांचा तक्ता उघडला, वरचं नाव उचललं आणि काम सुरू केलं. पहिल्याच आठवड्यात कांदिवलीच्या एका सोसायटीच्या पत्रावर त्या मॉडेलने नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी लावते ते शुल्क, २५० रुपयांऐवजी ४८० काढून दिले. उत्तराची भाषा इतकी सफाईदार होती की आमच्या माणसाने ते जवळजवळ पाठवलंच होतं.

गंमत अशी की 'नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस जास्तीत जास्त किती?' असं चार पर्याय देऊन विचारलं की तेच मॉडेल न चुकता '१० टक्के' म्हणायचं. म्हणजे परीक्षेत गुण, कामात चूक. असं का होतं आणि ते आधी कसं ओळखायचं, याची आम्ही बसवलेली पद्धत पुढे क्रमाने दिली आहे. क्रम महत्त्वाचा आहे. लोक थेट चौथ्या टप्प्यावर उडी मारतात आणि मग स्वतःचाच पेपर फुटका निघतो.

## टप्पा १: तक्ता बंद करा, काम लिहून काढा

गुण बघण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: मॉडेलच्या हातात नेमकं काय जाणार, त्याच्याकडून काय हवं आणि ते चुकलं तर भुर्दंड कोणाला. आमचा कागद असा होता:

- जाणार: सभासदाचं पत्र किंवा व्हॉट्सअॅपवरचा मजकूर. मराठी, पण 'मेन्टेनन्स', 'एनओसी', 'सिंकिंग फंड' असे शब्द मिसळलेले. कधी रोमन लिपीत. सोबत बिलाचा तपशील असेल किंवा नसेलही.
- हवं: उपविधींना धरून सात-आठ ओळींचं उत्तर, आकडेमोडीसह. माहिती अपुरी असेल तर ती मागणारं उत्तर.
- भुर्दंड: चुकीचा आकडा सेक्रेटरीच्या सहीने जातो आणि प्रकरण उपनिबंधकांकडे गेलं तर जाब सेक्रेटरीलाच द्यावा लागतो.

हा कागद लिहिताना 'मराठी चांगलं यायला हवं' किंवा 'हुशार हवं' अशी वाक्यं आली तर खोडून टाका. त्यांची परीक्षा घेता येत नाही. आमच्या पहिल्या कागदावर अशी चार वाक्यं होती.

तपासणी: तुमचा कागद वाचून कार्यालयातल्या दुसऱ्या माणसाला एक नमुना-प्रश्न आणि त्याचं बरोबर उत्तर लिहिता आलं पाहिजे. आलं नाही तर कागद अजून धूसर आहे.

## टप्पा २: गुणामागचा पेपर उघडून ३० प्रश्न वाचा

तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे एक ठरावीक प्रश्नपत्रिका असते. बहुतेक प्रश्नपत्रिका खुल्या असतात, तरी त्या वाचायला कोणी जात नाही. अर्धा तास द्या आणि अधूनमधून उचलून ३० प्रश्न वाचा.

सर्वांत जास्त मिरवला जाणारा एमएमएलयू घ्या. २०२० साली आलेली ही परीक्षा, ५७ विषय, सुमारे १४,००० प्रश्न, सगळे इंग्रजीत आणि प्रत्येकाला चार पर्याय. डोळे मिटून खूण केली तरी २५ टक्के मिळतात. त्यामुळे ४० टक्के गुण म्हणजे चाळीस टक्के ज्ञान नव्हे. अंदाजाचा वाटा काढायचा सोपा हिशेब असा:

```
(गुण − २५) ÷ ७५ = (४० − २५) ÷ ७५ = ०.२०
```

चाळीसचे वीस झाले.

मराठीसाठी ज्याचा आकडा दिला जातो त्या बेलेबेलेकडे बघा. प्रत्येक भाषेत ९०० प्रश्न, आणि तिथेही चारच पर्याय. एक छोटा उतारा देतात आणि त्यावर प्रश्न विचारतात. हे उतारे फ्लोरेस या भाषांतर-संग्रहातून घेतलेले आहेत. म्हणजे मूळ इंग्रजी मजकूर विकीन्यूज, विकीव्हॉयेजसारख्या ठिकाणचा आणि मराठी त्याचं भाषांतर. परीक्षा वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती जे मोजते ते नीट मोजते: स्वच्छ, छापील वळणाच्या मराठी उताऱ्यात दडलेलं उत्तर ओळखता येतं का. आता टप्पा १ चा कागद शेजारी ठेवा. आमच्या पत्रात उत्तर दडलेलं नसतं, ते काढावं लागतं. पर्याय नसतात. भाषा भाषांतराची नसते, गिरगावातल्या चिडलेल्या आजोबांची असते. या परीक्षेत ८५ मिळाले काय आणि ९० मिळाले काय, आमच्या कामाबद्दल त्यातून फारसं कळत नाही. परीक्षेचं काम अरुंद असणं म्हणतात ते हेच. आकडा खरा असतो, पण दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतो.

वाचताना आणखी दोन गोष्टी बघा.

पहिली, उत्तरपत्रिका बरोबर आहे का. एमएमएलयूचे प्रश्न २०२४ मध्ये काही संशोधकांनी माणसांकडून पुन्हा तपासून घेतले. तेव्हा सुमारे ६.५ टक्के प्रश्नांत चुका असाव्यात असा त्यांचा अंदाज निघाला. विषाणूशास्त्राच्या तपासलेल्या प्रश्नांत तर निम्म्याहून जास्त प्रश्न सदोष होते. उत्तर चुकलेलं, प्रश्न अपुरा, किंवा दोन पर्याय बरोबर. मग ८९ आणि ९१ या गुणांतला फरक ज्ञानाचा की चुकीच्या उत्तरपत्रिकेशी जुळवून घेण्याचा, हे आकड्यावरून सांगता येत नाही.

दुसरी, पेपर घेतला कसा. २०२३ मध्ये एका प्रसिद्ध खुल्या लीडरबोर्डवर लामा ६५बी या मॉडेलचा एमएमएलयू गुण ४९ टक्क्यांच्या आसपास दिसत होता, तर मूळ पद्धतीने तोच ६४ च्या आसपास येत होता. मॉडेल तेच आणि प्रश्नही तेच. फरक होता तो प्रश्न मांडण्याचा आणि उत्तर मोजण्याचा. एका ठिकाणी मॉडेलने अ, ब, क, ड यांपैकी कोणतं अक्षर निवडलं ते पाहत होते, दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक पर्यायाचा पूर्ण मजकूर मॉडेलला किती संभाव्य वाटतो ते मोजत होते. त्यामुळे दोन कंपन्यांनी आपापल्या घरी मोजलेले आकडे एकाच तक्त्यात शेजारी दिसले तर ते एकमेकांशी ताडून पाहू नका.

इशारा: 'सरासरी गुण' असा एकच आकडा दिला असेल तर त्यात कोणत्या परीक्षा मिसळल्यात ते शोधा. इंग्रजी कोडिंगचे गुण चढले की सरासरी चढते. त्याने मराठीत काडीचाही फरक पडलेला नसतो.

## टप्पा ३: पेपर आधीच फुटलाय का ते बघा

मॉडेल इंटरनेटवरचा प्रचंड मजकूर वाचून तयार होतं. परीक्षेचे प्रश्न आणि उत्तरं तिथेच पडलेली असतील तर मॉडेलने ती अभ्यासातच पाहिलेली असतात. याला आमच्याकडे एकच शब्द आहे: पेपरफुटी. फरक इतकाच की इथे बहुतेक वेळा कोणी मुद्दाम पेपर फोडलेला नसतो. जाळं टाकलं, त्यात तोही आला.

पेपर फुटण्याचे प्रकार मात्र वेगवेगळे असतात आणि घोटाळा तिथेच होतो. प्रश्न उत्तरासकट जसाच्या तसा सापडणं हा सर्वांत ढोबळ प्रकार. तो पकडायला शब्दांच्या सलग तुकड्यांची जुळणी करतात. २०२० च्या जीपीटी-३ च्या शोधनिबंधात १३ सलग शब्दांची जुळणी वापरली होती. चाळणीतल्या एका चुकीमुळे काही जुळणारा मजकूर राहून गेला आणि खर्चामुळे मॉडेल पुन्हा प्रशिक्षित करणं शक्य नव्हतं, हेही त्यांनी तिथेच लिहिलं होतं. असं लिहून ठेवणारे आता कमीच.

पण शब्द बदलले की ही जुळणी आंधळी होते. २०२३ मधल्या एका प्रयोगात संशोधकांनी परीक्षेचे प्रश्न फक्त वेगळ्या शब्दांत लिहून १३ अब्ज पॅरामीटरच्या एका साध्या मॉडेलला शिकवले. त्या परीक्षांमध्ये ते मॉडेल जीपीटी-४ च्या पंक्तीत जाऊन बसलं आणि तुकडे जुळवणाऱ्या चाळणीला काहीच सापडलं नाही. प्रश्न दुसऱ्या भाषेत भाषांतरित केले तरी तेच. मराठी वाचकाने इथे थांबून विचार करावा. मराठीतल्या कित्येक परीक्षा इंग्रजीवरून भाषांतरित आहेत. मॉडेलने इंग्रजी मूळ वाचलेलं असेल तर मराठी पेपर नवा नाही, आणि देवनागरीत शोधून त्याचा मागही लागणार नाही.

बाहेरून, ट्रेनिंग डेटा न पाहता, आपल्याला तीन गोष्टी करता येतात.

(क) गाळलेला पर्याय विचारा. परीक्षेतला प्रश्न घ्या, चारांपैकी एक चुकीचा पर्याय झाका आणि मॉडेलला तो पर्याय लिहायला सांगा. चुकीचे पर्याय शेकडो असू शकतात, त्यामुळे ज्ञानाच्या जोरावर नेमका तोच लिहिता येत नाही. शब्दशः तोच आला तर मॉडेलने पेपर पाहिल्याची दाट शक्यता. २०२३ मध्ये एमएमएलयूवर हा प्रयोग झाला तेव्हा जीपीटी-४ ने निम्म्याहून अधिक वेळा झाकलेला पर्याय अचूक ओळखला. हे करताना 'वरीलपैकी सर्व' असे पर्याय आणि १०, २०, ३० अशा ओळीतला आकडा झाकू नका. ते कोणालाही ओळखता येतात. असे प्रश्न बाजूला ठेवून ४० घ्या.

(ख) तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे प्रश्न वेगळे मोजा. मॉडेलची माहिती कोणत्या महिन्यापर्यंतची आहे हे कंपनी बहुधा सांगते. त्याआधी प्रसिद्ध झालेले प्रश्न आणि नंतरचे प्रश्न यांचे गुण वेगवेगळे काढा. नंतरच्यांत मोठी घसरण दिसली तर संशय घ्या. मात्र आधी दोन्ही गट सारखेच कठीण आहेत ना ते माणसाकडून सोडवून बघा, नाहीतर अवघड प्रश्नांचा दोष पेपरफुटीच्या माथी येईल.

(ग) प्रश्नाचा जुळा भाऊ बनवा. रचना तीच ठेवून आकडे आणि नावं बदला. शालेय गणिताच्या जीएसएम८के या परीक्षेबाबत हेच केलं गेलं. २०२४ मध्ये त्याच वळणाचे सुमारे बाराशे नवे प्रश्न माणसांकडून लिहून घेतले. काही मॉडेलांचे गुण स्पष्ट घसरले, सर्वांत पुढच्या मॉडेलांचे जवळपास टिकले. म्हणजे पेपरफुटी सगळीकडे सारखी नसते आणि 'सगळेच आकडे खोटे' हा निष्कर्षही चूक. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने प्रश्नात एक असंबद्ध वाक्य घातलं, ज्याचा उत्तराशी काही संबंध नाही. तेव्हा भली भली मॉडेलं ते वाक्यही हिशेबात धरून बसली.

तिन्हींत मला (ग) सर्वांत उपयोगी वाटतं, कारण पेपर फुटला असो वा नसो, मॉडेलला रीत कळलीये की उत्तर पाठ आहे हे त्यातून दिसतं. पुढचा टप्पा त्यावरच उभा आहे.

इशारा: या चाचण्यांत काही सापडलं नाही म्हणजे पेपर कोरा होता असं सिद्ध होत नाही. सापडलं तर संशय पक्का होतो, न सापडलं तर प्रश्न उघडाच राहतो.

## टप्पा ४: स्वतःचा पेपर काढा

इथे घाई करू नका. आम्हाला यात नऊ दिवस लागले आणि त्यातले पहिले चार वाया गेले. का ते सांगतो.

पहिल्या खेपेला आम्ही सोसायट्यांच्या नियमांवर इंटरनेटवर मिळणारे 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' गोळा केले, थोडे शब्द फिरवले आणि पेपर तयार म्हणून टाकला. तुलनेला घेतलेल्या दोन्ही मॉडेलांना भरघोस गुण. अर्थात! दहावीच्या मुलाला अपेक्षित प्रश्नसंचातूनच पेपर काढून दिला की तो नव्वदच्या खाली येत नाही. तुकडे-जुळणी करून पाहिली तेव्हा निम्मा पेपर उघड स्रोतांशी जुळत होता.

दुसऱ्या खेपेला खऱ्या पत्रांपासून सुरुवात केली. नाव, फ्लॅट क्रमांक, सोसायटीचं नाव काढून टाकलं, आकडे बदलले, पण भाषा आणि गोंधळ तसाच ठेवला. शुद्धलेखन सुधारायचा मोह होतो, तो आवरा. मग प्रत्येक मूळ प्रश्नाचे भाऊबंद तयार केले. एक कुटुंब पूर्ण दाखवतो.

उपविधींप्रमाणे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, आणि मालमत्ता कर, पाणीपट्टी, निधी यांवर ते लागत नाहीत. यावर आधारलेलं पत्र:

*'माझा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. महिन्याचं बिल ४,८०० येतं. त्यात मालमत्ता कर ९००, पाणी ३५०, सिंकिंग फंड ३००, दुरुस्ती निधी ७५०, सेवा शुल्क २,५००. कमिटी नॉन-ऑक्युपन्सीचे ४८० मागते. बरोबर आहे का?'*

- सरळ प्रश्न. वरचंच पत्र. बरोबर उत्तर: नाही, २५० पर्यंतच. मॉडेल '१० टक्के बरोबर आहे' म्हणून ४८० ला मान डोलावतं का ते इथे दिसतं. आमचं पहिलं मॉडेल इथेच घसरलं होतं.
- आकडे बदललेला. बिल ५,४००, सेवा शुल्क ३,१००. उत्तर ३१०. सरळ प्रश्न जमला आणि हा चुकला तर उत्तर कुठून तरी उचललेलं होतं.
- भरकटवणारा. मूळ पत्रात एक वाक्य जादा: 'भाडेकरू ३५,००० भाडं देतो.' उत्तर २५० च. ३,५०० आलं तर मॉडेल शब्द पाहून आकडा उचलतंय.
- अट उलटवणारा. फ्लॅटमध्ये भाडेकरू नसून सभासदाचा सख्खा मुलगा राहतो. उत्तर शून्य, कारण जवळच्या कुटुंबीयांसाठी हे शुल्क लावता येत नाही.
- अपुरा. फक्त एकूण बिल ४,८००, तपशील नाही. बरोबर उत्तर: सेवा शुल्क किती ते कळवा. इथे ठाम आकडा देणारं मॉडेल आमच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक.

लक्षात घ्या, चार पर्यायांच्या परीक्षेत यातला शेवटचा प्रकार सहसा विचारला जात नाही. पर्याय समोर असले की 'मला माहिती कमी पडते' म्हणायची सोय बहुधा राहत नाही. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत मात्र असलीच जास्त.

उत्तरपत्रिका मॉडेलचं उत्तर पाहण्याआधी लिहून बंद करा. नंतर लिहिली की सफाईदार चुकीचं उत्तरही पटायला लागतं. माझ्या बाबतीत दोनदा झालं.

### पेपर उघड मजकुराशी जुळतो का ते तपासणं

तुमचे प्रश्न `paper.txt` मध्ये, मध्ये एक कोरी ओळ सोडून ठेवा. ज्या उघड पानांवरून मजकूर आला असण्याची शक्यता आहे ती `web.txt` मध्ये. मग:

```python
import unicodedata

def shabda(t):
    t = unicodedata.normalize("NFC", t)
    t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    t = t.replace("\u200c", "").replace("\u200d", "")
    return [w.strip(".,?!:;()'\"‘’“”") for w in t.split()]

def tukde(t, n=8):
    s = shabda(t)
    return {tuple(s[i:i+n]) for i in range(len(s)-n+1)}

srot = tukde(open("web.txt", encoding="utf-8").read())
paper = open("paper.txt", encoding="utf-8").read().split("\n\n")
for i, p in enumerate(paper, 1):
    k = len(tukde(p) & srot)
    if k:
        print(i, k)
```

ज्या प्रश्नाचा क्रमांक छापून येईल तो पुन्हा लिहा किंवा टाकून द्या.

मराठीत इथे तीन खड्डे आहेत. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र दोन प्रकारे टंकलेला असतो. कोणी ऱ वापरतं, कोणी र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना शब्द एक, संगणकाला दोन. युनिकोड अक्षरं एकसारखी करणाऱ्या नुसत्या एनएफसीने हा फरक जात नाही, म्हणून वर वेगळी ओळ आहे. दुसरा खड्डा: शब्द तोडायला पायथनमधलं `\w+` वापरू नका. त्याला काना-वेलांट्या अक्षर वाटत नाहीत आणि 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे तुकडे होतात. मग काहीही कशाशीही जुळतं. तिसरा, १३ शब्दांची खिडकी इंग्रजीसाठी ठीक. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच आशय कमी शब्दांत येतो. मी ८ ठेवतो. ५ वर आणलं तर 'सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजूर' असे नेहमीचेच तुकडे जुळून नुसता गोंगाट होतो.

तपासणी: उघड पानावरचा एक परिच्छेद मुद्दाम पेपरात टाकून कोड चालवा. तो पकडला गेला नाही तर कोडवर विसंबू नका.

इशारा: हा पेपर सार्वजनिक जागी ठेवू नका, आणि टंकलेला मजकूर ट्रेनिंगसाठी वापरला जाऊ शकतो अशा फुकट चॅट-खिडकीत तो चिकटवू नका. उत्तरपत्रिका तर कधीच नाही. पेपर तुम्हीच फोडाल.

## टप्पा ५: परीक्षा घ्या

हा टप्पा छोटा आहे. सगळ्या मॉडेलांना तीच सूचना, तोच उपविधींचा मजकूर, तीच लांबीची मर्यादा. प्रत्येक प्रश्न नव्या संभाषणात, कारण आधीच्या भावंडाचं उत्तर समोर असलं की पुढचं सोपं होतं. प्रत्येक प्रश्न तीनदा विचारा. उत्तरात किती फेरफार होऊ द्यायचा ते ठरवणारं टेम्परेचर शून्यावर ठेवूनही उत्तर दर वेळी तेच येईल अशी खात्री नसते. तीनपैकी दोनदा बरोबर तर बरोबर धरा आणि डळमळणाऱ्या प्रश्नांची वेगळी यादी ठेवा.

तपासणाऱ्या दोघांना कोणतं उत्तर कोणत्या मॉडेलचं ते कळू देऊ नका. दोघांचं जिथे जुळत नाही तिथे बहुतेक वेळा प्रश्नच संदिग्ध निघतो.

## टप्पा ६: आलेले गुण वाचा, पण हळू

हिशेब समजावा म्हणून आकडे घेऊ. १२० प्रश्न, मॉडेल अ ला ९५ बरोबर, ब ला ९१. टक्केवारीत ७९ आणि ७६. मिटिंगमध्ये लगेच कोणीतरी म्हणतं, 'मग अ घ्या.'

थांबा. १२० प्रश्नांवर ७८ टक्क्यांच्या आसपास गुण असतील तर नुसत्या प्रश्नांच्या निवडीमुळे तो आकडा दोन्ही बाजूंना सुमारे ७ टक्के हलू शकतो. आणि आपले प्रश्न भावंडं असल्याने, एक चुकलं की दुसरंही चुकण्याची शक्यता असते. खरा हेलकावा त्याहून मोठाच. ९०० प्रश्नांच्या परीक्षेतही ८० टक्क्यांवर अडीच टक्क्यांचा हेलकावा असतो. तक्त्यात दशांश चिन्हापुढचे आकडे बघून नंबर लावणाऱ्यांनी हे एकदा मनाशी घोळवावं.

त्याहून चांगली रीत: दोघांचे निकाल प्रश्नागणिक समोरासमोर ठेवा. समजा ८२ प्रश्न दोघांना आले, १६ दोघांनाही आले नाहीत, १३ फक्त अ ला आले आणि ९ फक्त ब ला. निर्णय त्या २२ प्रश्नांवर आहे. नाणं २२ वेळा उडवलं तर १३-९ किंवा त्याहून एकतर्फी निकाल जवळपास निम्म्या वेळा पडतो. या आकड्यांवरून अ सरस आहे असं म्हणता येत नाही.

आता प्रकारवारी बघा. समजा चार प्रकारांचे ३०-३० प्रश्न आहेत (अट उलटवणारे प्रश्न भरकटवणाऱ्यांतच धरलेत):

| प्रकार | अ | ब |
|---|---|---|
| सरळ | ३० | २५ |
| आकडे बदललेले | २७ | २४ |
| भरकटवणारे | २२ | २२ |
| अपुरे | १६ | २० |

एकूण गुणांत जे दिसत नव्हतं ते इथे दिसायला लागतं. अ सरळ प्रश्नांत पैकीच्या पैकी आणि अपुऱ्या प्रश्नांत जेमतेम निम्मे. ब ची घसरण सौम्य. टप्पा १ च्या कागदावर भुर्दंड कुठे लिहिलाय? ठाम चुकीच्या आकड्यावर. मग ब घ्यायचं का?

अजूनही नाही. ३० पैकी १६ आणि २० यांतला फरक तर आणखी कमी प्रश्नांवरचा आहे. वर ज्या कारणाने अ ला पुढे धरलं नाही त्याच कारणाने इथे ब लाही धरता येत नाही. आपल्या पसंतीचं मॉडेल पुढे दिसलं की लोक नेमकं हे विसरतात. या तक्त्याचं काम पुढे कुठे खणायचं ते दाखवणं. आम्ही या वळणावर 'अपुरे' प्रकाराचे प्रश्न ३० वरून १०० वर नेले, बाकीचे होते तसेच ठेवले आणि फक्त तेवढाच भाग दोन्ही मॉडेलांवर पुन्हा चालवला.

तपासणी: दोन्ही मॉडेलांनी चुकवलेले १६ प्रश्न हाताने वाचा. त्यांतले दोन-तीन तरी उत्तरपत्रिकेच्या चुका निघतात. आमच्याकडे एकात बिलाची बेरीजच जुळत नव्हती, आणि 'बेरीज चुकली आहे' म्हणणाऱ्या मॉडेलला आम्ही शून्य दिलं होतं.

## टप्पा ७: पेपर जुना होऊ देऊ नका

एकच पेपर वारंवार वापरला की आपण सूचना त्याच प्रश्नांना जुळतील अशा घासत जातो. मॉडेल न बदलता गुण चढतात. हीसुद्धा पेपरफुटीच, फक्त फोडणारे आपण. म्हणून प्रश्नांचे दोन गट करा. सूचना सुधारताना पहिला वापरा. दुसऱ्याला फक्त अंतिम निर्णयाच्या दिवशी हात लावा, आणि त्या दिवशी वापरलेले प्रश्न पहिल्या गटात टाकून द्या.

दुसऱ्या गटाची भरती आलेल्या पत्रांतूनच होत राहते. आमच्याकडे आता जावक नोंदवहीत एक जास्तीचा रकाना आहे. मॉडेलने केलेल्या कच्च्या उत्तरात सेक्रेटरीला काही खोडावं लागलं तर तिथे 'प्र' लिहायचं. महिनाअखेरीला 'प्र' असलेली पत्रं काढायची, नावं पुसायची, आकडे बदलायचे, उत्तर दोघांनी वेगवेगळं लिहायचं. जुळलं तर ते पत्र दुसऱ्या गटात जातं, नाही जुळलं तर आधी उपविधी उघडायचे.